दोन लाख किमी झालेल्या गाडीत जाड ऑइल: ओतायच्या आधी काय मोजायचं, आणि मग कसं बदलायचं

गाडी दोन लाखाच्या वर गेलीय आणि ऑइल कमी होतंय असं साताऱ्यात कुठल्याही फिटरला सांगा, उत्तर बहुतेक वेळा तेच येतं, "आता हिला जाड ऑइल लागणार, वीस-पन्नास टाकू." कुणी विचारत नाही की किती कमी होतंय, कुठून कमी होतंय आणि कंपनीनं कुठला ग्रेड सांगितलाय. माझ्या २०१२ च्या पेट्रोल गाडीला (१.२ लिटर, टायमिंग चेनवालं इंजिन, व्हीव्हीटी म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा आहे) २ लाख ३८ हजार किमीला हेच झालं. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलंय आणि एका गॅरेजमध्ये मला न विचारता २०डब्ल्यू-५० भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्ट केल्यावर चेनचा खडखडाट तीन-चार सेकंद चालला, आधी तो एका सेकंदात थांबायचा. ॲव्हरेजही जवळपास एक किमीनं पडलं.

त्यानंतर मी सगळं वहीत मांडून, एकेक गोष्ट बदलून पाहिलं. तोच क्रम खाली देतोय. बहुतेकांची चूक ऑइल निवडण्यात होत नाही, क्रमात होते, म्हणजे आधी जाड ऑइल ओतायचं आणि मग धूर का येतो ते शोधत बसायचं.

१. तयारी: डिपस्टिक नीट वाचायला शिका

हास्यास्पद वाटेल पण अर्ध्या गाड्यांचं "ऑइल खातं" हे चुकीच्या वाचनातून येतं. गाडी उतारावर उभी असेल तर लेव्हल चुकीची दिसते, आणि इंजिन बंद करून लगेच काडी ओढली तर कमी दिसणारच, कारण ऑइल अजून वर हेडमध्ये असतं, चेंबरमध्ये उतरलेलं नसतं.

घरासमोरची एक सपाट जागा ठरवा आणि दरवेळी तिथंच, त्याच दिशेला गाडी लावा. इंजिन गरम करून बंद करा, दहा मिनिटं थांबा, काडी काढा, फडक्यानं पुसा, पूर्ण आत घाला आणि मग परत काढून वाचा. पहिल्यांदा काढलेल्या काडीवरचं वाचन धरायचं नाही.

एक वही, एक मिलिलिटरच्या खुणा असलेला प्लॅस्टिकचा कप आणि गाडीचं मॅन्युअल, एवढं जवळ ठेवा. मॅन्युअलमध्ये दोन गोष्टी शोधायच्या: ऑइलचा ग्रेड, आणि फिल्टरसकट किती ऑइल लागतं ते. ग्रेडच्या पानावर बऱ्याचदा तापमानाचा तक्ता असतो आणि त्यात एकाहून जास्त ग्रेड चालतात असं दिलेलं असतं, ते पान फार कामाचं आहे, पुढे लागेल.

२. हजार किलोमीटरची मोजणी

आधी गाडीत कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचं ताजं ऑइल पाहिजे, कारण तुलना करायला पाया लागतो. जुनं काळं, पेट्रोल मिसळून पातळ झालेलं ऑइल मोजून काही कळत नाही. रोज चार-पाच किमीच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत इंजिन पूर्ण तापतच नाही, मग न जळालेलं थोडं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं, लेव्हल टिकून आहे असं वाटतं आणि एका लांब ट्रिपमध्ये ते पेट्रोल उडून गेलं की लेव्हल एकदम खाली दिसते. मग लोक म्हणतात हायवेला गाडी ऑइल प्यायली.

तर ताजं ऑइल, लेव्हल बरोबर वरच्या खुणेला, ओडोमीटरचा आकडा वहीत. मी सातारा-कराड करतो, जाऊन-येऊन साधारण शंभर किमी, म्हणजे दहा-बारा दिवसांत हजार होतात. हजार झाले की त्याच जागी गाडी लावून, कपानं मोजून, परत वरच्या खुणेपर्यंत भरा. जेवढे मिली गेले तेवढं तुमच्या गाडीचं खाणं.

माझा आकडा आला ७५० मिली. आणि २०डब्ल्यू-५० होतं तेव्हाचा आकडा होता ६००, कारण ते काढायच्या आधी मी त्याच्यावरही हजार किमी मोजून घेतले होते. म्हणजे एवढं जाड ऑइल घालून वाचलं किती, तर १५० मिली. हे लक्षात ठेवा, पुढे याच्याशी तुलना करायचीय.

आकड्याचा अर्थ काय घ्यायचा? दोन लाखाच्या पुढच्या गाडीला हजार किमीला दोनशे-अडीचशे मिलीपर्यंत जात असेल तर काहीही बदलू नका, टॉप अप करत चालवा. अर्धा लिटरच्या आसपास असेल तर कारण शोधायला लागा. एक लिटर आणि वर असेल तर ऑइलच्या डब्यानं हे सुटणार नाही, इंजिन उघडण्याचा विषय आहे.

> सावध: मोजणीच्या काळात दर दोनशे किमीला काडी बघायचीच. खालच्या खुणेला टेकली तर प्रयोग बाजूला ठेवून लगेच मोजून भरा आणि वहीत लिहा. खालच्या आणि वरच्या खुणेत बऱ्याच गाड्यांत साधारण एक लिटरच अंतर असतं.

३. ऑइल जातंय कुठं ते शोधा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण जाड ऑइलचा फायदा होणार की नाही हे इथंच ठरतं.

पहिलं, बाहेर गळतंय का. रात्री इंजिनखाली मोठा पुठ्ठा टाका, सकाळी डाग बघा. पण सगळी गळती खाली टपकत नाही. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून पाझरलेलं ऑइल गरम सायलेन्सरवर पडून जळतं आणि पुठ्ठा कोरडाच राहतो, फक्त सिग्नलला थांबल्यावर जळका वास येतो. इंजिन वरून पुसून स्वच्छ करा आणि दोन दिवसांनी बोट फिरवून बघा कुठून ओलं होतंय.

दुसरं, पीसीव्ही व्हॉल्व्ह. छोटी शे-दोनशे ग्रॅमचीसुद्धा नसलेली वस्तू, पण जुन्या पेट्रोल गाडीत ऑइल जाण्याचं हे एक फार दुर्लक्षित कारण. पिस्टनच्या बाजूनं खाली निसटणारा वायू हा व्हॉल्व्ह परत इनटेकमध्ये सोडतो. कार्बनानं तो बंद अडकला तर आत दाब वाढतो आणि ऑइल जिथून वाट मिळेल तिथून, सीलमधून, गॅस्केटमधून बाहेर ढकललं जातं. उघडा अडकला तर इनटेक ऑइलचा वाफारा सरळ ओढून घेतो आणि जाळतो. काढून कानाजवळ हलवा, आत खुळखुळ वाजला पाहिजे. वाजत नसेल तर बदला. वाजतो म्हणजे शंभर टक्के ठीक असंही नाही, पण न वाजणारा बहुतेक गेलेलाच. सोबत त्याचा रबरी पाइप चिरलाय का तेही बघा.

तिसरं, धूर कधी येतो. यासाठी साताऱ्यात यवतेश्वरचा घाट बरा आहे, मागून दुसऱ्या गाडीत एक माणूस ठेवा आणि त्याला फक्त सायलेन्सरकडे बघायला सांगा.

रात्रभर उभी गाडी सकाळी स्टार्ट केल्यावर निळसर धुराचा एक भपकारा आणि मग साफ, म्हणजे व्हॉल्व्ह सील कडक झालेत, रात्रभर ऑइल थेंब थेंब खाली उतरलंय. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढून आलात आणि खाली ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर भपकारा आला, तरी सील किंवा व्हॉल्व्हचं गाईडच, कारण पाय काढल्यावर इनटेकमध्ये जोरदार व्हॅक्यूम तयार होतो आणि तो ऑइल गाईडमधून ओढतो. आणि घाट चढताना, लोडवर, सलग निळा धूर येत असेल तर रिंगा. सांगली-मिरजेकडं सपाटी आहे, तिथं मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ऐंशीवरून पाय काढून चाळीसवर येऊ द्या आणि मग दाबा, उताराची परीक्षा तशीच होते.

रिंगांचा संशय असेल तर फिटरकडून कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, आधी कोरडी, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत. ऑइल टाकल्यावर आकडा चांगलाच वर गेला तर रिंगा किंवा बोअर झिजलंय. आकडा कमी होता आणि काहीच हलला नाही तर हवा व्हॉल्व्हकडून किंवा हेड गॅस्केटमधून जातेय.

माझ्या गाडीत पीसीव्ही अडकलेला निघाला आणि टॅपेट कव्हरचं गॅस्केट दगडासारखं कडक. दोन्ही बदलली, ऑइल तेच ५डब्ल्यू-३० ठेवलं, परत हजार किमी मोजले. आकडा आला ४५०. म्हणजे दोन साध्या पार्टनं ३०० मिली वाचले, आणि २०डब्ल्यू-५० नं वाचवले होते १५०. ही मोजणी केली नसती तर मी वर्षानुवर्षं जाड ऑइल ओतत राहिलो असतो, आणि अडकलेला व्हॉल्व्ह आतल्या दाबानं एकेक सील खराब करत राहिला असता.

> तपासा: ऑइल भरायच्या झाकणाखाली किंवा काडीवर दुधाळ चॉकलेटी फेस दिसला आणि कूलंटही कमी होत असेल तर इथंच थांबा. हेड गॅस्केटचा संशय आहे, ऑइल बदलून उपयोग नाही.

४. ग्रेड ठरवा: एक पायरी, त्याहून जास्त नाही

डब्यावरच्या दोन आकड्यांत डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा इंजिन तापल्यावरचा. तापल्यावरचा जाडपणा १०० अंशाला मोजतात. ३० चा ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३ आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९, एकक सेंटीस्टोक. म्हणजे तीसवरून पन्नासला गेलात तर जवळजवळ पावणेदोनपट जाड ऑइल तुम्ही त्याच पंपातून, त्याच बारीक छिद्रांतून ढकलताय. आणि सकाळच्या थंड इंजिनात ५डब्ल्यू-३० आणि २०डब्ल्यू-५० मधला फरक याहून मोठा असतो, ४० अंशालाही साधारण अडीच पट. माझ्या चेनचा खडखडाट त्याचाच होता, चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो आणि दाब पोचायला उशीर होत होता. व्हीव्हीटीसुद्धा ऑइलच्या दाबावरच चालतं.

काहीजण म्हणतात, आपल्याकडं बर्फ पडत नाही, मग पहिल्या आकड्याचं काय घेऊन बसलात. अर्धं खरं आहे, साताऱ्याच्या थंडीत २०डब्ल्यूनं गाडी स्टार्ट न होण्याचा प्रश्न नाही. पण झीज जास्त होते ती स्टार्टनंतरच्या पहिल्या काही सेकंदांत, आणि तिथं लवकर वाहणारं ऑइल डिसेंबरातच नाही, मे महिन्यातसुद्धा कामाचं असतं. म्हणून पहिला आकडा वाढवू नका. वाढवायचाच तर दुसरा, आणि तो एकच पायरी: ५डब्ल्यू-३० वाल्या गाडीला ५डब्ल्यू-४०. त्याआधी तापमानाच्या तक्त्यात ४० बसतंय का ते बघा. ०डब्ल्यू-२० वाली गाडी असेल तर आधी ३० वर या, सरळ ४० वर नको.

एक पायरी जाड ऑइल कधी उपयोगी पडतं? रिंगा आणि बेअरिंगमधलं अंतर झिजून थोडं वाढलंय, बाहेरची गळती नाही, पीसीव्ही ठीक, आणि तरी हजारला तीन-चारशे मिली जातंय, तेव्हा. जाड थर ती वाढलेली फट जरा चांगली भरतो. रिंगा कार्बनमध्ये चिकटल्या असतील आणि पिस्टनमधली ऑइल परत जायची छिद्रं बुजली असतील तर मात्र जाड ऑइलनं काही होत नाही.

आता "हाय मायलेज" लिहिलेलं ऑइल. लोकांचा समज असा की ते जाडच असतं. तसं नाही, ५डब्ल्यू-३० हाय मायलेज हेही ३० च्याच मर्यादेत असतं, फार तर त्या मर्यादेच्या वरच्या टोकाला. त्याचं वेगळेपण म्हणजे कडक झालेले रबरी सील थोडे फुगवून मऊ करणारं केमिकल आणि बऱ्याचदा जास्तीचं डिटर्जंट. म्हणून सकाळचा भपकारा किंवा हलकं पाझरणं असेल तर हाय मायलेज ऑइल करून बघण्यात अर्थ आहे, हजार-दोन हजार किमी चालवल्यावरच फरक पडला तर पडतो. चिरलेलं सील, तुटलेलं गॅस्केट ते जोडत नाही. आपल्याकडच्या दुकानांत ते सहज दिसत नाही, नाही मिळालं तर त्याच ग्रेडचं चांगलं सिंथेटिक घ्या, ते तापल्यावर उडून कमी जातं, आणि जाडी न वाढवता खाणं थोडं कमी होतं ते यामुळं.

डिझेलवाल्यांना वेगळं सांगतो. जुन्या डिझेलमध्ये मॅन्युअलच १५डब्ल्यू-४० सांगत असेल तर तेच बरोबर, तिथं जाडीचा वादच नाही. पण बीएस-सहा डिझेल, ज्याला सायलेन्सरमध्ये डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर आहे, तिला कमी राखेचं ऑइल लागतं आणि मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन बदलायचं नाही, किमी कितीही झाले तरी. राख डीपीएफमध्ये साठते आणि ती जळून जात नाही.

> सावध: गरम इंजिनला आयडलवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल तर तो घालवायला जाड ऑइल टाकू नका. आधी सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावून खरा दाब बघा. सेन्सर खराब निघाला तर स्वस्तात सुटलात, दाब खरंच कमी निघाला तर पंप, जाळी किंवा बेअरिंगचा प्रश्न आहे आणि जाड ऑइल तो फक्त झाकून ठेवेल.

५. प्रत्यक्ष बदल

इंजिन दहा मिनिटं चालवून कोमट करा, उकळतं नको, हात भाजतो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, स्टँड लावा किंवा रॅम्पवर घ्या.

आधी वरचं भरायचं झाकण उघडा, मग खालचा नट, म्हणजे ऑइल सरळ धारेनं उतरतं. धार थांबली तरी पंधरा मिनिटं थेंब पडू द्या. जुन्या इंजिनात तळाचं घाण ऑइल शेवटीच येतं. ते फडक्यावर घेऊन उन्हात बघा, चमकणारे धातूचे कण दिसले तर ग्रेडची चर्चा सोडून इंजिन दाखवा.

नटाचा वॉशर नवीन घाला. ॲल्युमिनियमच्या चेंबरला नट आधी हातानं पूर्ण बसवायचा आणि मग पान्यानं मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच आवळायचा, ताकद दाखवायला गेलात तर आटे जातात आणि मग दोनशेचं काम हजारांत जातं. फिल्टर काढल्यावर जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना ते बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर स्टार्ट केल्या केल्या सगळं ऑइल रस्त्यावर. नव्या फिल्टरच्या रिंगेला ताजं ऑइल लावा आणि हातानंच घट्ट करा.

मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा ३०० मिली कमी भरा, एक मिनिट इंजिन चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि काडी बघून थोडं थोडं करत वरच्या खुणेपर्यंत आणा. खुणेच्या वर नको. "खातेच आहे तर अर्धा लिटर जास्त भरू" ही चूक फार जण करतात, त्यानं क्रँक ऑइलमध्ये आपटून फेस होतो, फेसाळ ऑइल दाब धरत नाही आणि जादा ऑइल पीसीव्हीतून जळायलाच जातं.

इंजिन फ्लश? दोन लाखाच्या, आतून काळ्या गाळाच्या इंजिनात मी तो कधीच टाकत नाही. एकदम सुटलेला गाळ पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि तिथून पुढं ऑइलच चढत नाही. त्यापेक्षा दोनदा लवकर, तीन-तीन हजार किमीला, फिल्टरसकट ऑइल बदला, हळूहळू साफ होतं. जाडी वाढवणारी बाटलीतली ॲडिटिव्हसुद्धा नको, त्यानंतर तुमच्या इंजिनात नेमका कुठला ग्रेड आहे हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

काढलेलं काळं ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू नका, कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.

६. बदलानंतरचे हजार किमी

परत तीच मोजणी, तीच जागा. सोबत तीन गोष्टी लिहा: सकाळचा चेन किंवा टॅपेटचा आवाज किती सेकंद, ॲव्हरेज किती, आणि चेक इंजिनचा दिवा लागला का. आवाज आधीपेक्षा लांबला किंवा व्हीव्हीटीचा कोड आला तर ऑइल तुमच्या इंजिनला जाड पडतंय, परत खाली या. आवाज तेवढाच आणि खाणं कमी झालं तर तोच ग्रेड चालू ठेवा.

माझ्या गाडीत ५डब्ल्यू-४० सिंथेटिकवर आकडा आला ३०० मिली. चेनचा आवाज परत एका सेकंदावर, ॲव्हरेजमध्ये मला तरी फरक मोजता आला नाही. यवतेश्वर उतरून खाली आल्यावरचा हलका भपकारा अजून येतो, म्हणजे उरलेलं ऑइल व्हॉल्व्ह सीलमधून जातंय आणि त्याला यापुढं कुठलंही जाड ऑइल घातलं तरी उपयोग नाही. हेडचं काम निघेल तेव्हा सील बदलून घेणार आहे, तोपर्यंत दर रविवारी काडी बघतो आणि लागेल तसं मोजून टॉप अप करतो, त्याच ब्रँडचं, त्याच ग्रेडचं.